पहिल्या दिवसापासून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घेऊनही बाळाची कवटी तयार झाली नाही, हे कसे घडले?

ऐरोलीची_थोरली | ९ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

माझ्या धाकट्या जावेविषयी लिहीत आहे. तिचे वय २६, पहिलीच खेप. १४ ऑक्टोबरला बारा आठवड्यांची सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवून दाखवले की बाळाच्या डोळ्यांच्या वर कवटीची गोल रेघ दिसायला हवी, ती नाहीच. अहवालात अ‍ॅनेनसेफली असे लिहिले होते. असे बाळ जगत नाही, हे त्यांनी शांतपणे समजावले. दिवाळी तोंडावर आली होती आणि त्याच आठवड्यात तिला गर्भपात करून घ्यावा लागला.

आमच्या घरात आता दोन गोष्टी बोलल्या जातात. सासूबाई म्हणतात, ७ सप्टेंबरच्या ग्रहणात वेध लागलेले असताना तिने विळीवर भाजी चिरली, म्हणून असे झाले. जाऊ स्वतःला दोष देते, की गणपतीच्या गडबडीत नाव नोंदवायला उशीर केला. मला कळत नाही ते असे, की १० सप्टेंबरला रुग्णालयात नाव नोंदवल्यापासून तिने गोळी एक दिवसही चुकवलेली नाही. ही गोळी याच व्यंगासाठी असते, असे सगळीकडे लिहिलेले आहे. मग गोळी खोटी होती का? तिची शेवटची पाळी २१ जुलैची, पाळी नियमित, आणि २५ ऑगस्टला घरीच तपासणी करून दिवस राहिल्याचे कळले होते.

वाशी_औषधवाला | ९ नोव्हेंबर, रात्री १०.१५

गोळी खोटी असण्याची शक्यता फार कमी आहे. माझे तीस वर्षे औषधांचे दुकान आहे. पाच मिलिग्रॅमची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी इतकी स्वस्त आहे की तिची नक्कल करून कोणाला काही मिळणार नाही. माझा अंदाज असा, की शरीरात आधीपासूनच कमतरता असावी. आता तर रेशनच्या तांदळातही फॉलिक अ‍ॅसिड घातलेले असते, त्यामुळे पुढच्या वेळी भात रेशनचा खावा आणि गोळी चालू ठेवावी. माझ्या मते लग्न झालेल्या प्रत्येक मुलीने पाच मिलिग्रॅमची गोळी रोज घ्यावी. पाण्यात विरघळणारे जीवनसत्त्व आहे, जास्तीचे लघवीवाटे निघून जाते.

उल्हासनगर_रहिवासी | १० नोव्हेंबर, सकाळी ७.५०

ताई, वाईट वाटले. तुमच्या जावेची आणि दिरांची थॅलेसेमियासाठीची एचपीएलसी रक्तचाचणी झाली आहे का? आमच्या सिंधी समाजात लग्नाआधीच ही चाचणी करण्याचा आग्रह धरला जातो. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि ते आधी कळले तर अकराव्या-बाराव्या आठवड्यात बाळाची तपासणी करता येते. ही चाचणी झाली असती तर तुम्हाला आधीच कळले असते.

समुपदेशक_कळवा | १० नोव्हेंबर, दुपारी २.०५

मी सार्वजनिक रुग्णालयात अनुवंशशास्त्राच्या समुपदेशनाचे काम बरीच वर्षे केले आहे. ताई, तुम्ही तारखा नीट दिल्यात. उत्तर त्या तारखांतच आहे.

शेवटची पाळी २१ जुलैची आणि पाळी नियमित, म्हणजे गर्भधारणा साधारण ४ ऑगस्टच्या आसपास झाली. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्यापासून बनतो ती न्यूरल ट्यूब सुरुवातीला सपाट पट्टीसारखी असते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जाऊन एकमेकींना मिळतात आणि नळी तयार होते. डोक्याकडचे तोंड आधी बंद होते, कण्याकडचे एक-दोन दिवसांनी, आणि गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत हे सगळे काम संपते. ४ ऑगस्टपासून २८ दिवस मोजले की १ सप्टेंबर येतो. त्या दिवशी तुमच्या घरी गौरीपूजन असेल. डोक्याकडचे तोंड बंद व्हायचे असेल तर ते तोवर झालेले असते. राहिले तर तो भाग उघडाच राहतो आणि त्यावर कवटी धरत नाही. जावेने पहिली गोळी घेतली १० सप्टेंबरला, म्हणजे नऊ दिवसांनी. गोळी खरी होती, पण ज्या कामासाठी ती घ्यायची ते काम संपून गेले होते.

ग्रहण ७ सप्टेंबरचे. तेही सहा दिवस उशिरा आले. सासूबाईंना रागावून सांगू नका, त्यांच्यासमोर दिनदर्शिका ठेवा आणि दिवस मोजू द्या.

गणपतीमुळे उशीर झाला, हे दुःखही जावेने मनातून काढावे. समजा, २५ ऑगस्टला दुपारीच ती दवाखान्यात गेली असती, तर हाती एकच आठवडा होता. रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केल्यावर रक्तपेशींतली फोलेटची, म्हणजे याच जीवनसत्त्वाची, पातळी संरक्षण मिळेल इतकी वर यायला दोन-तीन महिने लागतात. म्हणजे गोळी मे महिन्यात, दिवस राहण्याच्या आधी सुरू व्हायला हवी होती. हे तिला कोणी सांगितले नाही, कारण आपल्याकडे गरोदर बाईची पहिली भेट बहुतेक वेळा सातव्या-आठव्या आठवड्यात किंवा त्यानंतर होते आणि गोळीची चिठ्ठी त्या भेटीत लिहिली जाते.

उल्हासनगरच्या दादांचा सल्ला चांगला आहे, पण तो थॅलेसेमियासाठी. तिथे एका जनुकातला बदल आई आणि वडील दोघांकडून येतो, म्हणून वाहक ओळखणारी चाचणी करता येते. न्यूरल ट्यूबच्या व्यंगाला तशी वाहकचाचणी नाही. पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा वाटा, आईचे पोषण, तिची साखर, काही औषधे, असे सगळे एकत्र येऊन ते घडते. म्हणून थॅलेसेमियात आधी जोडपी शोधतात, इथे गोळी सगळ्यांपर्यंत पोहोचवावी लागते.

एक प्रश्न विचारतो. सोनोग्राफीच्या अहवालात बाळाच्या मूत्रपिंडांविषयी किंवा हातापायांच्या बोटांविषयी काही लिहिले आहे का? गर्भपातानंतर बाळाची तपासणी किंवा गुणसूत्रांची चाचणी झाली का?

घणसोलीची_आई | १० नोव्हेंबर, रात्री ११.३०

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला स्पायना बायफिडा आहे, म्हणजे नळीचे कण्याकडचे तोंड उघडे राहिले. जन्मतः कमरेच्या खाली पाठीवर लिंबाएवढी पाण्याची पिशवी होती. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि तीन आठवड्यांनी डोक्यातले पाणी काढून नेणारी शंटची नळी बसवली. तो कॅलिपर घालून चालतो, अभ्यासात हुशार आहे. दर चार तासांनी मी त्याला कॅथेटर लावून लघवी काढत असे, आता तो शाळेत स्वतः काढतो. त्याच्या दप्तरात निळ्या डबीत कॅथेटर, साबण आणि रुमाल असतो.

हे लिहिण्याचे कारण वेगळे आहे. मला पंधराव्या वर्षापासून फिट येत होत्या आणि माझी गोळी व्हॅल्प्रोएटची होती. लग्न ठरले, लग्न झाले, दिवस राहिले, आणि या गोळीचा बाळाच्या कण्याशी संबंध आहे हे मला कोणीही सांगितले नाही. चिठ्ठी दर तीन महिन्यांनी तीच लिहून मिळत होती. मुलगा चार महिन्यांचा असताना दुसऱ्या रुग्णालयातल्या बाईंनी पहिल्यांदा विचारले, की गरोदरपणात कोणती औषधे चालू होती. त्या दिवशी मी घरी येऊन खूप रडले. कृपया जावेला काही औषध चालू आहे का ते पाहा.

समुपदेशक_कळवा | ११ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

घणसोलीच्या ताई, तुम्ही हे लिहिलेत याबद्दल आभार. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या बायकांमध्ये शंभरात एक ते दोन बाळांना कण्याचे हे व्यंग होते. इतरांच्या तुलनेत हे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त आहे, आणि फॉलिक अ‍ॅसिडने ते पुरेसे कमी होते असे खात्रीने सांगता येत नाही. मात्र वाचणाऱ्या कोणीही ही गोळी आपल्या मनाने बंद करू नये, कारण गरोदरपणात मोठी फिट येणे आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचे असते. मूल हवे असे ठरल्यावर, दिवस राहण्याच्या काही महिने आधी, मेंदूविकारतज्ज्ञांकडून औषध बदलता येते का ते पाहावे.

ऐरोलीची_थोरली | ११ नोव्हेंबर, रात्री ८.१०

जावेला कोणतेही औषध चालू नव्हते. अहवालात ‘इतर अवयव या टप्प्यावर स्पष्ट दिसत नाहीत’ एवढेच आहे. बाळाची तपासणी झाली नाही. तशी काही तपासणी असते हेही आम्हाला ठाऊक नव्हते, कोणी विचारले नाही आणि नंतर काही शिल्लक राहिले नाही.

दिरांनी काल एका खासगी प्रयोगशाळेत चौकशी केली. त्यांनी एमटीएचएफआर नावाच्या जनुकाची चाचणी सुचवली आहे आणि तो दोष निघाला तर साधे फॉलिक अ‍ॅसिड लागू पडत नाही, त्याऐवजी मिथाइलफोलेटची महाग गोळी घ्यावी लागते, असे सांगितले. करावी का? आणि पुन्हा असे होण्याची शक्यता किती?

समुपदेशक_कळवा | १२ नोव्हेंबर, दुपारी १.४५

आधी चाचणीविषयी. एमटीएचएफआरमधला तो बदल इतक्या निरोगी माणसांत सापडतो की तो निघाला तरी तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. तो बदल असलेल्या बायकांच्या रक्तातही साध्या फॉलिक अ‍ॅसिडने फोलेट वाढते. व्यंग टळल्याचा पुरावा ज्या गोळीचा आहे ती साधी फॉलिक अ‍ॅसिडचीच. मिथाइलफोलेटने व्यंग टळते असे दाखवणारी चाचणी झालेली नाही. दिरांनी ते पैसे खर्च करू नयेत.

आता शक्यता. इथे मला अडचण आहे आणि ती लपवणार नाही. हे व्यंग एकटेच असेल, तर पुढच्या खेपेला ते पुन्हा होण्याची शक्यता शंभरात साधारण तीन ते चार असते. बहुतेक घरांत असेच असते. परंतु काही थोड्या बाळांमध्ये ते मोठ्या आजाराचा एक भाग असते. मेकेल-ग्रुबर नावाच्या आजारात डोक्याच्या मागच्या बाजूने मेंदूचा भाग बाहेर येतो, मूत्रपिंडांत गाठी असतात आणि हातापायाला सहा बोटे असतात; तो असेल तर पुन्हा होण्याची शक्यता शंभरात पंचवीस आणि त्यावर फॉलिक अ‍ॅसिडचा उपयोग नाही. कधी गुणसूत्रांचा दोष असतो, त्याचा हिशेब आणखी वेगळा. बाळाकडे नीट पाहिले असते, दोन छायाचित्रे आणि एक नमुना ठेवला असता, तर हा फरक सांगता आला असता. तुमच्या अहवालातला अ‍ॅनेनसेफली हा उल्लेख एकट्या व्यंगाकडे झुकतो आणि दिर-जावेचे रक्ताचे नाते नसेल तर मी तीन-चार टक्केच धरीन, पण खात्री देणार नाही.

हे व्यंग एकटेच होते असे धरून पुढे काय करावे, याचा आधार मजबूत आहे. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतील अशा बायकांवर चाचणी केली, ज्यांचे आधीचे बाळ या व्यंगाचे होते. रोज चार मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड मिळालेल्या ५९३ गरोदरपणांत ६ बाळे व्यंगाची निघाली आणि न मिळालेल्या ६०२ मध्ये २१. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. म्हणून जावेने मूल हवे असे ठरवल्यापासून, दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधी, मोठी मात्रा सुरू करावी. आपल्याकडे चार मिलिग्रॅमची गोळी सहसा मिळत नाही, त्यामुळे डॉक्टर पाच मिलिग्रॅमची देतात. बाराव्या आठवड्यानंतर ती कमी करतात. एक चूक मी पाहिली आहे ती सांगतो: चार मिलिग्रॅम भरून काढण्यासाठी एका बाईंनी मल्टिव्हिटॅमिनच्या रोज आठ-आठ गोळ्या घेतल्या. त्यात अ जीवनसत्त्व असते आणि त्याची एवढी मात्रा बाळाला घातक ठरू शकते. गोळी फक्त फॉलिक अ‍ॅसिडचीच हवी.

सोबत उपाशीपोटीची साखर आणि बी-१२ तपासून घ्या. पुढच्या खेपेला बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी चुकवू नका, सोळाव्या आठवड्याच्या सुमारास आईच्या रक्तातील अल्फाफीटोप्रोटीन हे व्यंगाचा इशारा देणारे प्रथिन पाहता येते, आणि अठराव्या-विसाव्या आठवड्यात कणा नीट पाहणारी सोनोग्राफी होते.

वाशी_औषधवाला | १२ नोव्हेंबर, रात्री १०.००

तारखांचा मुद्दा मान्य. मीही गिऱ्हाइकांना आजवर ‘दिवस राहिले की सुरू करा’ असेच सांगत आलो, हे चुकले. पण मग तुमच्याच म्हणण्याने सगळ्यांना गोळी आधी द्यायला हवी, आणि माझ्या दुकानात चारशे मायक्रोग्रॅमची एकटी गोळी मागूनही नेहमी मिळत नाही, पाचची मिळते. सगळ्यांनी पाचचीच घेतली तर बिघडले काय? आणि रेशनच्या तांदळाविषयी तुम्ही काहीच बोलला नाहीत.

समुपदेशक_कळवा | १३ नोव्हेंबर, दुपारी २.३०

तांदळाचा हिशेब करून पाहू. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकानुसार पोषणयुक्त तांदळाच्या एका किलोत ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. एका बाईने दिवसाला पाव किलो तांदळाचा भात खाल्ला तर तिला साधारण २५ मायक्रोग्रॅम मिळाले. हवे आहेत ४००. अमेरिकेत १९९८ पासून पिठात सक्तीने जे घालतात ते किलोमागे १४०० मायक्रोग्रॅम असते, आणि तिथे त्यानंतर ही व्यंगे खरोखर कमी झाली. पिठासाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही, लोक किती पीठ खातात त्यानुसार, किलोमागे १००० ते ५००० मायक्रोग्रॅम इतकी आहे. आपल्याकडची मात्रा तिच्यातल्या किमान आकड्याच्याही एक दशांशाच्या आसपास आहे. तांदूळ अ‍ॅनिमियासाठी आखलेला आहे. तो खावा, पण त्याच्या भरवशावर गोळी सोडू नये.

पाच मिलिग्रॅमविषयी माझे मत तुमच्यापेक्षा वेगळे आहे. ज्यांना आधी असे बाळ झालेले नाही, त्यांना ४०० मायक्रोग्रॅम पुरतात; अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमातही गर्भधारणेच्या आधीपासून पहिल्या तिमाहीपर्यंत हीच मात्रा सांगितली आहे. आपल्या भागात शाकाहारी बायकांमध्ये बी-१२ची कमतरता फार आहे. भरपूर फॉलिक अ‍ॅसिडने रक्त सुधारलेले दिसते आणि बी-१२च्या अभावाने नसांना होणारा त्रास मागे लपून राहतो. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाला असे दिसले, की ज्या मातांचे बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक होती. यावरून पाचची गोळी वाईट असे सिद्ध होत नाही, पण ‘जास्तीचे निघून जाते’ असे म्हणून विषय संपतही नाही.

वाशी_औषधवाला | १३ नोव्हेंबर, रात्री ९.२०

बी-१२चा मुद्दा मला ठाऊक नव्हता. तरीही ज्या मुलीला चारशेची गोळी मिळतच नाही, तिने काहीच न घेण्यापेक्षा पाचची घेतलेली बरी, या मतावर मी कायम आहे.

आशाताई_दिवा | १४ नोव्हेंबर, रात्री १०.४५

मी दिव्यात आशा म्हणून काम करते, हा धागा दोनदा वाचला. आमच्याकडे पात्र जोडप्यांची नोंदवही असते, म्हणजे नवे लग्न झालेली जोडपी आम्हाला माहीत असतात. गोळी आधी द्यायची तर आमच्याच हातून ती जाऊ शकते. पण प्रत्यक्षात काय होते ते सांगते. मार्चमध्ये एका नव्या सुनेला गोळ्यांची पट्टी दिली. दुसऱ्या दिवशी तिच्या सासूबाईंनी पट्टी परत आणून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, ‘आम्हाला वर्षाच्या आत नातवंड हवे आहे, मूल न होण्याच्या गोळ्या आमच्या घरी नकोत.’ त्यांना समजवायला तीन फेऱ्या झाल्या. तेव्हापासून मी पट्टी सुनेच्या हातात एकटीला देत नाही. सासूबाई बसलेल्या असताना देते आणि ‘ही बाळाच्या डोक्याची आणि पाठीची गोळी आहे’ असे म्हणते.

दुसरी गोष्ट. तुमच्या जावेसारखी बाई आमच्या नोंदवहीत ‘गर्भपात’ एवढ्याच शब्दात येते, कारण लिहायला रकाना नाही. जन्मलेल्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते आणि त्या यादीत हे व्यंग आहे, पण जे बाराव्या आठवड्यातच गेले ते कोणत्या यादीत? माझ्या भागात दोन वर्षांत मला अशा तीन बायका आठवतात. कागदावर एकही नाही.

समुपदेशक_कळवा | १५ नोव्हेंबर, दुपारी १.१०

आशाताई, तुम्ही लिहिलेला दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. सोनोग्राफी जसजशी लवकर होऊ लागली तसतशी जन्माच्या नोंदीतून ही व्यंगे दिसेनाशी होत आहेत, आणि नोंद कमी म्हणजे प्रश्न कमी असा समज होतो. जन्मलेली बाळे, मृत जन्म आणि व्यंगामुळे झालेले गर्भपात हे तिन्ही एकत्र मोजले तरच शहरात किती व्यंगे होतात ते कळेल. तुमच्या नोंदवहीच्या समासात कारण लिहून ठेवा, रकाना नसला तरी.

ऐरोलीची_थोरली | १६ नोव्हेंबर, रात्री ९.०५

काल रात्री जेवणानंतर भिंतीवरची दिनदर्शिका काढून जमिनीवर ठेवली. सासूबाईंनी ४ ऑगस्टपासून एकेका दिवसावर बोट ठेवत मोजले, २८ वर आल्या तेव्हा बोट गौरीपूजनावर होते. मग ग्रहणाच्या चौकोनापर्यंत आणखी सहा दिवस मोजले. काही बोलल्या नाहीत. आज सकाळी त्यांनी जावेला स्वतः हाक मारून चहा दिला.

दिर आणि जाऊ मामेभाऊ-आतेबहीण नाहीत, रक्ताचे नातेही नाही. बी-१२चा अहवाल परवा येईल. मूल कधी हवे ते तिने अजून ठरवलेले नाही आणि आम्ही विचारत नाही.

आशाताई_दिवा | १६ नोव्हेंबर, रात्री ९.५०

समुपदेशक दादा, एक विचारायचे राहिले. आमच्याकडे वीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना आठवड्यातून एकदा लोहाची लाल गोळी देतात, तिच्यात ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. ती नियमित घेणाऱ्या बाईला रोजची वेगळी गोळी लागते का?

समुपदेशक_कळवा | १७ नोव्हेंबर, सकाळी ८.००

लागते. ५०० भागिले सात केले की दिवसाला ७१ मायक्रोग्रॅम पडतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याच्या गोळीत २८०० मायक्रोग्रॅम सुचवते. लाल गोळी रक्तासाठी चालू ठेवा, आणि ज्यांना मूल हवे आहे त्यांना रोजची ४००ची वेगळी द्या. तुमच्या केंद्रात ती उपलब्ध आहे का?

आशाताई_दिवा | १७ नोव्हेंबर, दुपारी ३.१५

आज विचारले. गेल्या महिन्यात संपली, मागणी पाठवलेली आहे.